हळदीच्या पेढीत खरेदीचे काम पुढच्या पिढीकडे कसे सोपवावे

कौटुंबिक व्यवसायात वारसाचा विषय निघाला की बोलणे बहुधा मालकीवर येऊन थांबते. वाटा कोणाचा, नाव कोणाचे, घर आणि गोदाम कोणाकडे, एवढे ठरले की नियोजन झाले असे मानले जाते. पेढी मात्र मालकीच्या कागदापेक्षा एखाद्या कामावर उभी असते, आणि ते काम बऱ्याचदा एकाच माणसाच्या हातात असते. मिठाईच्या दुकानात ते भट्टीवरच्या माणसाकडे असते आणि सराफीत मोड पारखणाऱ्याकडे. हळदीच्या व्यापारात ते सौद्यात उभे राहून माल घेणाऱ्याकडे असते. अशा एका कामाची जबाबदारी पुढच्या माणसाकडे टप्प्याटप्प्याने कशी द्यावी, हे या लेखात सांगलीच्या हळद व्यवसायाच्या आधाराने मांडले आहे.

उदाहरणादाखल एक पेढी घेऊ. ही पेढी कल्पित असली तरी अशा पेढ्या सांगलीत अनोळखी नाहीत. दोन भाऊ भागीदार आहेत. थोरले 64 वर्षांचे असून बाजार समितीच्या आवारातली सगळी खरेदी तेच करतात. धाकटे दळण, विक्री आणि हिशेब पाहतात. थोरल्यांचा मुलगा पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करतो आणि परत येण्याचा त्याचा विचार नाही. धाकट्यांची मुलगी अन्नतंत्रज्ञान शिकून दोन वर्षांपासून पेढीतच आहे. शिवाय एक जुने दिवाणजी आहेत, जे गेली पंधरा वर्षे थोरल्यांबरोबर सौद्याला जातात.

आधी अचानक वेळ आली तर काय, याची सोय करावी

तीन वर्षांची योजना आखण्याआधी एका आठवड्यात करण्याजोगे काम हातावेगळे करावे. उद्या सकाळी थोरल्यांना रुग्णालयात हलवावे लागले आणि तो जानेवारी ते मे या हंगामातला दिवस असला, तर सौद्यात कोण उभे राहील, किती रकमेपर्यंत बोली लावील आणि बँकेत सही कोण करील, या तीन प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून दोघा भावांनी त्यावर सह्या कराव्यात. त्याच कागदासोबत तोंडी व्यवहारांची यादी असावी. कोणत्या अडत्याचे किती देणे आहे, पैसे देण्याचा कोणता दिवस ठरला आहे, कोणाला पुढच्या लॉटचा शब्द दिला आहे आणि कोणाचा माल आपल्या गोदामात केवळ ठेव म्हणून आहे, हे थोरल्यांच्या डोक्यात पक्के असते. वहीत ते अर्धेच असते. ही यादी हंगामात दर शनिवारी नव्याने लिहावी. जुनी झालेली यादी पाहून कोणी व्यवहार केला तर यादी नसण्यापेक्षा जास्त घोळ होतो.

कायद्याची एक बाब याच आठवड्यात पाहून घ्यावी, कारण ती फार उशिरा लक्षात येते. भारतीय भागीदारी कायदा, 1932 नुसार करारात वेगळे ठरलेले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूबरोबर भागीदारी संपुष्टात येते. भागीदार दोनच असतील तर पेढी पुढे चालू राहील असे करारात लिहूनही फारसा उपयोग होत नाही, कारण एका माणसाची भागीदारी असू शकत नाही. थोरल्यांनी कोणाला कुलमुखत्यारपत्र दिले असेल तर त्याचा अंमलही सामान्यतः त्यांच्या मृत्यूबरोबर थांबतो. म्हणजे ज्या दिवशी पेढीला सहीची सर्वांत जास्त गरज असेल, त्याच दिवशी चालू खाते अडकण्याची शक्यता असते. त्यामुळे दोन भावांच्या पेढीत दोघेही हयात असताना तिसरा भागीदार घेणे, त्याचा वाटा सुरुवातीला अगदी लहान असला तरी, हा सर्वांत साधा उपाय आहे. सुधारित करार, भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडील नोंद, बँकेतील सह्यांचे नमुने, बाजार समितीचा परवाना आणि जीएसटी नोंदणीतील बदल ही कामे एकाच वेळी मार्गी लावावीत. जीएसटीत भागीदार बदलल्याची दुरुस्ती 15 दिवसांत करावी लागते. सनदी लेखापाल आणि वकील यांना एकत्र बसवून हे केले तर कागद एकमेकांशी जुळतात.

काम नेमके काय आहे ते एका हंगामात टिपून काढावे

थोरल्यांना कार्यालयात बसवून “तुम्ही माल कसा पारखता?” असे विचारले तर उत्तर बहुधा “बघितले की कळते” असे येते. त्यात लपवाछपवी नसते. हाताची सवय इतकी मुरलेली असते की तिचे शब्द करणे अवघड जाते. म्हणून विचारण्याआधी पाहावे. पुतणीने एक पूर्ण हंगाम थोरल्यांबरोबर आवारात फिरून ते काय करतात ते टिपावे आणि कारणे संध्याकाळी विचारावीत. सौद्याच्या गर्दीत प्रश्न विचारू नयेत, कारण तिथे दिलेले उत्तर शेजारचा खरेदीदारही ऐकत असतो.

टिपून काढल्यावर जे हाती लागते ते असे असते. ते पोत्याच्या तोंडाशी असलेला माल बाजूला सारून आतली मूठ काढतात. हळकुंड मोडतात. नीट शिजलेले आणि वाळलेले हळकुंड कडक असते, कट्‌कन आवाज करून तुटते आणि आतला रंग कडेपासून गाभ्यापर्यंत एकसारखा दिसतो. कमी शिजलेल्या मालाचा गाभा वेगळा पडतो आणि तो ठिसूळ होतो, तर जास्त शिजलेल्याचा रंग मारला जातो. ओलसर हळकुंड मोडण्याऐवजी लवते. बाहेरच्या पिवळेपणावर ते विश्वास ठेवत नाहीत, कारण पॉलिश करताना हळदीचेच पाणी चढवून झळाळी आणलेली असू शकते आणि क्वचित घातक रंगही लावलेला असतो. त्यानंतर वास, किडीची बारीक भोके, हळकुंड आणि गड्डा यांचे प्रमाण, कणी आणि माती. हे सगळे एका लॉटला मिनिटभरात उरकते.

जे लॉट त्यांनी घेतले नाहीत त्यांची नोंद मात्र कोणीच ठेवत नाही, आणि शिकण्याच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची असते. घेतलेल्या मालाचे बिल तरी असते. नाकारलेल्या मालामागची कारणे थोरल्यांबरोबरच जातात. म्हणून पुतणीच्या वहीत “सोडलेले लॉट” असा स्वतंत्र रकाना असावा. दिसायला चांगला माल त्यांनी का सोडला, याची कारणे पुष्कळदा मालाबाहेरची निघतात. त्या अडत्याकडे मागच्या वर्षी वजनात वाद झालेला असतो, किंवा त्या भागातल्या शेतकऱ्यांचा माल काढणीनंतरच्या अवकाळी पावसात भिजलेला असतो.

या टिपणांतून एकच वाटणारे काम तीन कामांत सुटे होते. पहिले काम नजरेचे, म्हणजे मालाची प्रत आणि त्याचा भाव ओळखण्याचे. दुसरे पतीचे, म्हणजे अडत्यांनी या पेढीवर ठेवलेल्या विश्वासाचे. तिसरे साठ्याच्या निर्णयाचे, म्हणजे आज किती घ्यायचे, किती ठेवायचे आणि कधी थांबायचे याचे. ही तिन्ही कामे वेगवेगळ्या वेगाने शिकली जातात आणि वेगवेगळ्या पद्धतीने सोपवावी लागतात. बहुतेक पेढ्यांमध्ये हस्तांतरण फसते ते तिन्ही एकाच दिवशी दिल्यामुळे किंवा तिन्ही शेवटपर्यंत न दिल्यामुळे, असे माझे मत आहे.

निवड कामावरून करावी

कामाचे असे तीन भाग समोर ठेवल्यावरच माणसाचा विचार करावा. आपल्या उदाहरणात दिवाणजींची नजर आज पुतणीपेक्षा कितीतरी चांगली आहे आणि अडते त्यांना ओळखतात. पण साठ्याच्या निर्णयात भागीदारांचा पैसा पणाला लागतो आणि ती जोखीम पगारी माणसावर टाकणे त्यांच्यावरही अन्यायाचे होईल. पुतणीला प्रयोगशाळेचे अहवाल कळतात, ग्राहकांच्या मागण्या माहीत आहेत आणि पुढची तीस वर्षे तिच्यापुढे आहेत. आवारात स्त्रिया खरेदीदार कमी दिसतात, म्हणून सुरुवातीला तिला दुर्लक्षाला तोंड द्यावे लागेल, हे आधीच गृहीत धरावे. त्यावरचा उपाय पुढे पतीच्या भागात येईल. म्हणून निर्णय असा होऊ शकतो की वारस पुतणी, आणि दिवाणजी तिचे आवारातले गुरू व सहकारी.

हा निर्णय घरात आणि पेढीत एकाच आठवड्यात सांगावा. पुण्यातल्या मुलाला काकांकडून किंवा बाजारातून कळण्याआधी वडिलांनी स्वतः सांगावे आणि त्याचा मालकीतला वाटा व खरेदीची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे करारातही तसेच लिहावे. दिवाणजींशी तर त्याहून लवकर बोलावे. त्यांच्या पगारात, पदात आणि निवृत्तीच्या रकमेत काय बदल होणार ते आकड्यांत सांगावे. शिकवण्याचे काम मनापासून तोच करतो ज्याला शिकवून झाल्यावर आपली जागा जाणार नाही याची खात्री असते.

पहिला हंगाम: आपला भाव आधी लिहावा, मग त्यांचा ऐकावा

नजर शिकवण्याची सर्वांत उपयोगी पद्धत साधी आहे, पण ती शिस्तीने पाळावी लागते. लॉट पाहून झाल्यावर थोरल्यांनी काही बोलण्याआधी पुतणीने स्वतःचा अंदाज वहीत लिहावा: प्रत, ओलाव्याचा अंदाज, आपण किती भाव द्यावा आणि कारण. मग थोरल्यांनी आपला भाव सांगावा. सौदा कितीला तुटला तोही शेजारी लिहावा. नंतर ऐकून आपला आकडा बदलायचा नाही. दिवसाला पाच लॉट एवढेच पुरे. त्याहून जास्त घेतले तर लिहिणे उरकण्याचे होते.

पण थोरल्यांशी जुळणे हे अंतिम माप नव्हे, कारण थोरलेही चुकू शकतात. खरे माप गोदामात आणि गिरणीत मिळते. प्रत्येक लॉटची चिठ्ठी दळणापर्यंत सोबत ठेवावी. निवडल्यावर कणी आणि माती किती निघाली, ओलावा प्रत्यक्षात किती होता, प्रयोगशाळेत कर्क्युमिनचे प्रमाण किती आले आणि पावडर किती उतरली, हे त्याच वहीत त्याच ओळीत यायला हवे.

एक लॉट प्रत्यक्ष पाहू. 40 क्विंटल राजापुरी हळकुंडाला पुतणीने 14,000 रुपये भाव लिहिला. थोरल्यांनी 13,400 सांगितला आणि कारण एवढेच दिले की माल “नरम” आहे. शिकण्यासाठी, नुकसान सोसण्याची तयारी ठेवून, तो 14,000 ला घेतला. नमुना तपासल्यावर ओलावा 14 टक्के निघाला. पेढीला साठवणुकीसाठी तो 10 टक्क्यांवर आणायचा आहे. 100 किलो मालात 86 किलो कोरडा भाग आहे; 10 टक्के ओलाव्याला तो साधारण साडेपंचाण्णव किलो भरतो. म्हणजे 40 क्विंटलमागे सुमारे 1 क्विंटल 78 किलो वजन नुसते पाण्याचे होते आणि त्याची किंमत सुमारे 24,900 रुपये झाली. उरलेल्या मालाचा खरा भाव क्विंटलला 14,650 च्या आसपास पडला. हा हिशेब एकदा स्वतः मांडला की “नरम” म्हणजे क्विंटलमागे सहाशे-साडेसहाशे रुपये, असा अर्थ पुतणीच्या बोटांत बसतो. भारतीय अन्नसुरक्षा मानकांत अख्ख्या हळदीला 12 टक्के आणि पावडरीला 10 टक्के ही ओलाव्याची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे हा प्रश्न वजनापुरता राहत नाही; ओला माल तसाच दळला तर विक्रीलाही अडचण येते.

मॉइश्चर मीटर जरूर घ्यावा, पण अख्ख्या हळकुंडावर त्याचा आकडा ढोबळ असतो, म्हणून मोठ्या लॉटचा नमुना प्रयोगशाळेत तपासून मीटर किती फरकाने वाचतो ते पाहावे. हंगामाच्या शेवटी वहीतले फरक काढावेत. पुतणी सगळ्याच लॉटना जास्त भाव लिहीत असेल तर ते सावधपणाने सुधारते. पण ती काही लॉटना फार जास्त आणि काहींना फार कमी लिहीत असेल, तर तिला अजून एखादे लक्षण दिसत नाही असे समजावे आणि ज्या लॉटमध्ये फरक मोठा आहे तेवढेच दिवाणजींबरोबर पुन्हा उघडून पाहावेत.

दुसरा हंगाम: मर्यादेसह अधिकार द्यावा

दुसऱ्या वर्षी पुतणीने स्वतः बोली लावावी, पण लेखी मर्यादेत. समजा, दिवसाला 50 क्विंटलपर्यंत आणि थोरल्यांनी सकाळी ठरवलेल्या कमाल भावाच्या आत तिला कोणालाही विचारावे लागणार नाही. मर्यादेबाहेर जायचे तर फोन करावा. या मर्यादेत झालेली चूक पेढीने शिकण्याचा खर्च म्हणून वेगळ्या खात्यावर धरावी आणि तिची रक्कम हंगामाआधीच मान्य करावी. ती आधी ठरलेली नसेल तर पहिल्याच महाग पडलेल्या लॉटवर घरात वाद होतो आणि अधिकार परत घेतला जातो.

इथे थोरल्यांसाठी एक नियम आहे आणि तो पाळणे त्यांना सर्वांत जड जाते. पुतणीने तोडलेला सौदा त्यांनी आवारात फिरवायचा नाही. चूक असेल तर ती पेढीत, दार लावून सांगावी. एकदा जरी अडत्यासमोर “थांब, मी बघतो” असे म्हटले, तर त्या दिवसापासून प्रत्येक अडत्या तिच्या बोलीनंतर थोरल्यांच्या तोंडाकडे पाहतो.

पत सोपवण्याचे काम याच वर्षी सुरू होते. ओळख करून देणे ही त्यातली लहान बाब आहे. अडत्याच्या लेखी पत म्हणजे ठरल्या दिवशी येणारे पैसे आणि तक्रार आल्यावर सरळ होणारा निवाडा. म्हणून निवडक पाच-सहा अडत्यांचे पैसे पुतणीच्या सहीने, ठरल्या दिवशी किंवा एक दिवस आधी जातील असे पाहावे आणि वजनाचे किंवा प्रतीचे वाद तिनेच सोडवावेत. थोरल्यांना कोणी परस्पर फोन केला तर त्यांनी “खरेदी आता तीच पाहते, तिच्याशी बोला” एवढेच सांगून फोन ठेवावा, उत्तर माहीत असले तरी. तिच्या बाई असण्याकडे बोट दाखवून कोणी भाव चढवू पाहत असेल, तर त्याच्याकडून त्या दिवशी माल घेऊ नये; हा निर्णय थोरल्यांनी उघडपणे उचलून धरावा.

तिसरा हंगाम: साठ्याचा निर्णय

साठ्याचे काम शेवटी द्यावे, कारण त्यात चूक कळायला महिने लागतात. 2010 च्या सुमारास हळदीचे भाव विलक्षण चढले होते आणि पुढच्या दोन वर्षांत ते कोसळले. चढत्या भावात भरलेली गोदामे त्या वेळी अनेकांना जड गेली. हा अनुभव थोरल्यांनी पुतणीला त्या वर्षांच्या वह्या उघडून, आपण कोणत्या तारखेला काय विचार करून घेतले हे दाखवत सांगावा. तोंडी सांगितलेल्या आठवणीत माणूस नकळत शहाणा झालेला असतो. वहीत तसे नसते.

या हंगामात पुतणीने दर पंधरवड्याला एक पानी टिपण लिहावे: हातात साठा किती, ग्राहकांच्या मागणीने त्यातला किती आधीच बांधलेला आहे, बँकेचे व्याज आणि शीतगृहाचे भाडे धरून क्विंटलमागे महिन्याला किती खर्च चढतो, आणि भाव किती खाली गेला तर आपण विकून मोकळे होऊ. शेवटचा आकडा आधी लिहिलेला असणे महत्त्वाचे आहे. थोरल्यांनी त्यावर आपले मत लेखी द्यावे, पण निर्णय तिचा राहावा. मागणीने बांधलेला नाही अशा साठ्यावर मात्र दोन्ही भागीदारांनी मिळून कमाल मर्यादा घालावी.

साठ्यात जागेचेही ज्ञान येते. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, पूर्वी वर्षानुवर्षे हळद ठेवली जाई. 2005 च्या महापुरात त्यांचे फार नुकसान झाले. 2019 आणि 2021 मध्येही सांगलीत पूर आला. कोणत्या गोदामात पाणी कोठवर चढले होते, कृष्णेची पातळी किती झाली की माल हलवायला सुरुवात करायची आणि त्या रात्री ट्रक कोण देतो, हे थोरल्यांना पाठ असते. गोदामाच्या भिंतीवर त्या खुणा करून घ्याव्यात आणि ट्रकवाल्यांचे क्रमांक पुतणीच्या फोनमध्ये असावेत.

थोरल्यांचे पुढे काय

जाणाऱ्या माणसाच्या उत्पन्नाची आणि कामाची सोय झालेली नसेल, तर वरचे सगळे कागदावर राहते. थोरल्यांचा नफ्यातला वाटा कोणत्या वर्षी किती कमी होईल, त्यांचे भांडवल किती हप्त्यांत परत मिळेल आणि त्यावर व्याज किती, हे सुधारित करारात असावे. ते भागीदारीतून बाहेर पडणार असतील तर तशी जाहीर सूचना द्यावी. ती दिलेली नसेल तर नंतरच्या व्यवहारांचीही जबाबदारी बाहेरच्या लोकांपुढे त्यांच्यावर येऊ शकते. कामही ठरलेले असावे. प्रयोगशाळेचे अहवाल आणि पावडरीचा उतारा पाहून मागच्या महिन्याच्या खरेदीवर मत देणे, हे त्यांच्या अनुभवाला शोभणारे काम आहे आणि त्यासाठी आवारात जावे लागत नाही.

तीन हंगामांत काम सरले की नाही हे पाहण्यासाठी ऐन मार्चमध्ये थोरल्यांनी पंधरा दिवस सांगलीबाहेर जावे आणि खरेदीबद्दल फोन घेऊ नये. परतल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात: अडत्यांनी त्या काळात चांगले लॉट पुतणीला आधी दाखवले का, ज्यांच्याशी थोरल्यांचे जुने संबंध आहेत त्यांनी भाव वाढवून मागितला का, आणि त्या पंधरवड्यातल्या लॉटचा पावडरीचा उतारा आधीच्या पंधरवड्याशी जुळतो का. चांगला माल दुसरीकडे वळला असेल तर पत अजून पोहोचलेली नाही आणि दुसऱ्या हंगामातले पैशांचे व वादांचे काम आणखी काही महिने चालवावे. उतारा घसरला असेल तर नजरेवर पुन्हा काम करावे, आणि त्यासाठी पहिल्या हंगामाची वही पुढच्या जानेवारीत पुन्हा उघडावी.